बालाजीला केस दिल्यानंतर: ऊन, खाज आणि कमीजास्त उगवणारे केस

प्रश्न: २२ दिवसांपूर्वी मी (वय ३६) आणि आईने तिरुपतीला केस दिले. येताना डोकं उन्हाने लाल झालं, मग सालपटं निघाली, आता खाज थांबत नाही आणि मानेवर पुटकुळ्या आल्यात. केस पण सारखे येत नाहीयेत, मागे दाट आणि समोर भांगाच्या जागी टाळू दिसते. सासूबाई म्हणतात अजून एकदा वस्तरा फिरव म्हणजे दाट आणि सारखे येतील. आईचं (वय ६३, शुगर आहे) बाकी ठीक आहे, फक्त मानेवर एक दुखरा फोड आहे. काय करू?

उत्तर:

ताई, आईंना आजच डॉक्टरकडे न्या, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. शुगर असलेल्या माणसाला मानेवर दुखरा फोड म्हणजे काळपुळीची सुरुवात असू शकते. त्याबद्दल शेवटी नीट लिहिते.

आता तुमचं. वस्तरा पुन्हा फिरवू नका. मी सोलापुरात एकोणीस वर्षं स्किनची प्रॅक्टिस करतेय आणि सुट्ट्यांमध्ये तिरुपतीहून परत आलेल्या बायका, पोरं, आज्या दर आठवड्याला येतात, त्यातल्या निम्म्या जणींना घरात कुणीतरी हेच सांगितलेलं असतं. सासूबाईंचं नवल वाटत नाही मला, आपल्याकडे ऊस असतो ना, खोडवा ठेवला की फुटवे जास्त येतात, तसंच केसांचं असेल असं लोकांना वाटतं. पण केसाला फुटवा नसतो. केसाचं मूळ कातडीच्या खाली तीन-चार मिलिमीटर असतं आणि वस्तरा कातडीच्या वरून जातो, वर काय झालं त्याचा मुळाला पत्ताच नसतो. डोक्यावर मुळं किती हे आपण जन्माला येतानाच ठरलेलं असतं. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या संशोधक बाईंनी पुरुषांच्या दाढीवर हे मोजून पाहिलं होतं, दाढी केल्याने केसाची जाडीही वाढली नाही आणि वाढीचा वेगही नाही.

मग जाड का वाटतात? जो केस कधी कापला गेलेला नाही त्याचं टोक निमुळतं असतं, सुईसारखं. वस्तऱ्याने तो मधोमध कापला की टोक आडवं, बोथट होतं, बोट फिरवलं की टोचतं. शिवाय आखूड केस ताठ उभा राहतो आणि उन्हाने फिका पडलेला नसतो म्हणून जास्त काळा दिसतो. तेवढंच. बाळाचं जावळ काढल्यावर दाट येतं हेसुद्धा असंच, जन्माचे मऊ केस तसेही गळून जाडे येणारच असतात, जावळ त्याच सुमाराला काढतात म्हणून श्रेय वस्तऱ्याला जातं. जावळ हौसेने काढा, देवाला केस श्रद्धेने द्या, मी स्वतः दिलेत. फक्त दाट होण्यासाठी दुसऱ्यांदा वस्तरा फिरवला तर तुमच्या आत्ताच्या पुटकुळ्यांची तोंडं कापली जाऊन इन्फेक्शन अख्ख्या डोक्यावर पसरेल, म्हणून नको म्हणतेय.

उन्हाचं. तिरुमला डोंगरावर आहे, साधारण ८५० मीटर, वर हवा गार असते त्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. आणि हे डोकं म्हणजे वर्षानुवर्षं केसाखाली झाकलेली कातडी, चेहऱ्याला किंवा हाताला जशी उन्हाची सवय असते तशी हिला नसते, म्हणून सावळ्या माणसाचंही डोकं भाजतं. लाली लगेच दिसत नाही, चार-सहा तासांनी सुरू होते आणि बारा ते चोवीस तासांत सगळ्यात जास्त होते, त्यामुळे लोक म्हणतात की गाडीत बसलो तोवर काही नव्हतं, सकाळी उठले तर डोकं पेटलेलं. चंदनाचा लेप बरा वाटतो, गार वाटतो, पण त्याला सनस्क्रीन समजू नका, आणि तो वाळून तडकला की खालची कातडी ओढली जाते, तासाभराने धुऊन टाकायचा.

तुमची सालपटं निघून गेलीत म्हणजे भाजण्याचा भाग संपला. आता खाली आलेली कातडी नवीन आहे, ती पुन्हा भाजली तर काळे चट्टे पडतात आणि ते जायला महिने लागतात. २२ दिवसांत तुमचे केस सात-आठ मिलिमीटर झाले असतील (महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात), एवढ्याने ऊन अडत नाही. दोन-तीन सेंटीमीटर होईपर्यंत, म्हणजे अजून दोन महिने, सकाळी दहा ते दुपारी चार बाहेर पडताना डोक्यावर घट्ट विणीचं सुती कापड हवंच. कापड उजेडासमोर धरून बघा, पलीकडचं दिसत असेल तर ऊनही आत येतं, आणि ओलं करून बांधलेलं पातळ कापड गार वाटलं तरी ऊन जास्त आत सोडतं. सनस्क्रीन लावणार असाल तर एसपीएफ ३० किंवा ५०, जेल किंवा पातळ लोशन घ्या, क्रीम या खुंटांमध्ये अडकून पांढरं बसतं. अख्ख्या डोक्याला साधारण एक चहाचा चमचा लागतं, लोक वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात उपयोग नाही झाला. कानाचा वरचा भाग आणि मान सगळेच विसरतात. पुटकुळ्यांवर मात्र सनस्क्रीन थापू नका, तिथे कापड पुरे.

(ज्यांचं डोकं आत्ता, ह्या क्षणी लाल आहे त्यांच्यासाठी: साध्या पाण्याने भिजवलेलं मऊ कापड दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, वर बिनवासाचं मॉइश्चरायझर. बर्फ थेट लावायचा नाही, लिंबू, दही, टूथपेस्ट काही नाही, आणि पहिले दोन दिवस तेलही नाही, भाजलेल्या गरम कातडीवर तेलाने उष्णता कोंडते. मोठे फोड आले, ताप आला, उलटी किंवा चक्कर आली तर घरी बसू नका.)

आता खाज. यावर जास्त लिहिते कारण गोंधळ इथेच होतो, सगळ्या खाजेला लोक एकच औषध लावतात. केस काढल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जी खाज येते ती मुख्यतः तीन वेगळ्या गोष्टींची असते आणि त्या नजरेने ओळखता येतात. घरातल्या कुणालातरी खिडकीपाशी उजेडात बसवून तुमच्या डोक्याचे आणि मानेचे जवळून फोटो काढायला सांगा, स्वतःला आरशात मागचं दिसत नाही आणि हाताने चाचपून जे वाटतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

पहिली कोरडेपणाची. अख्ख्या डोक्याला सारखी खाज, अंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी, पिठासारखा बारीक पांढरा कोंडा, पुटकुळी एकही नाही. याचं कारण नव्वद टक्के वेळा अंगाचा साबण. डोक्यावर केस नाहीत म्हणून लोक शॅम्पू सोडून देतात आणि अंगाचाच साबण वर फिरवतात, रोज, दोनदा. साबण बंद करा, सौम्य शॅम्पू नखाएवढा घ्या, एक दिवसाआड, कोमट पाण्याने, बोटांच्या पोटाने, नखाने नाही. डोकं ओलसर असतानाच थोडं मॉइश्चरायझर. आठवड्यात फरक पडतो.

दुसरी पुटकुळ्यांची, आणि तुमचं वर्णन वाचून मला तुमची ही वाटतेय. खाज ठिकठिकाणी, विशेषतः मानेवर आणि कानामागे, आणि नीट बघितलं तर प्रत्येक पुटकुळीच्या मधोमध एक केस दिसतो, काहींच्या तोंडाशी पिवळा ठिपका. केसाच्या मुळाशी जंतू शिरलेत. वस्तरा मानेवर उलटा, म्हणजे खालून वर फिरवला जातो, तिथे घाम असतो, वरून पदर नाहीतर ओढणी घासते, म्हणून मानेवरच. काही ठिकाणी बोथट कापलेला केस वाढताना वाकून परत कातडीत घुसतो, मोबाइलने मोठं करून बघितलं तर कातडीखाली काळी कमान दिसते.

तिसरी बुरशीची, म्हणजे गजकर्ण डोक्यावर आलेलं. मोठ्यांमध्ये कमी, लहान मुलांमध्ये जास्त, तुमच्याबरोबर मुलांचेही केस काढले असतील तर हे वाचाच. गोल चट्टा, वर खवले, आणि त्या चट्ट्यात केस मुळाशी तुटलेले, काळ्या ठिपक्यांसारखे. मानेत मागे छोट्या गाठी लागतात. याला नुसतं मलम पुरत नाही, बुरशी केसाच्या आत असते, काही आठवडे तोंडाने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि घरात एकाला असेल तर सगळ्यांची डोकी तपासून घ्यायची, टॉवेल-कंगवे वेगळे.

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्याकडे एक शिक्षिका आल्या, वय ४१, केस देऊन चार आठवडे झालेले. मानेवर तीस-चाळीस पुटकुळ्या, काही फुटलेल्या, रात्री झोप नाही. आधी त्यांनी कापूर घातलेलं खोबरेल तेल चोळलं, दोन वेळा, भरपूर. वाढल्या. मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली, ती ज्यात तीन-चार औषधं एकत्र असतात आणि कुणाच्याही सांगण्यावरून मिळते. तिसऱ्या दिवशी खाज गायब, त्या खूश. दहाव्या दिवशी दुप्पट होऊन परत, आता कानापर्यंत. हे का होतं ते सांगते, त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, ते लाली आणि खाज दाबून टाकतं पण त्याच वेळी तिथली कातडीची लढायची ताकदही कमी करतं, मग जंतू किंवा बुरशी शांतपणे वाढत राहते. मी चट्ट्याचा भुगा काढून मायक्रोस्कोपखाली बघितला, बुरशी नव्हती, नुसत्या मुळाशी जंतूंच्या पुटकुळ्या. औषध साधंच दिलं, बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश मानेवर दोन मिनिटं ठेवून धुवायचा (टॉवेल पांढरा वापरा, रंगीत फिका पडतो) आणि क्लिंडामायसिनचं लोशन दोनदा. तरी दहा दिवसांनी नवीन पुटकुळ्या येतच होत्या आणि मला कळेना का. मग बोलता बोलता त्या म्हणाल्या की दर रविवारी पार्लरवाली मान "साफ" करून देते, म्हणजे मानेवरचे छोटे केस वस्तऱ्याने. वाढताना मान घाण दिसते म्हणून. बास, तेच होतं. दर आठवड्याला त्याच जागी नव्याने जखमा होत होत्या. ते सहा आठवडे पूर्ण बंद करायला लावलं आणि तीन आठवड्यांत मान कोरडी.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हा की मानेवर मधे कुणी वस्तरा किंवा रेझर फिरवलाय का? फिरवला असेल तर थांबवा. तेल सध्या मानेवर अजिबात नको, बाकी डोक्यावर हवंच असेल तर खोबरेल तेलाचे चार थेंब हातावर पसरून, तेही रात्री लावून सकाळी धुवायचं. कांद्याचा रस नको, नवीन कातडी भाजते त्याने, दर उन्हाळ्यात दोन-तीन जणी तशा येतात. वर लिहिलेला वॉश मेडिकलमध्ये मिळतो, अडीच टक्क्याचा घ्या, आधी एक दिवसाआड. लोशन मात्र दाखवून घ्या, ते अँटिबायोटिक आहे. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदला, हेल्मेट घालत असाल तर आत धुतलेलं सुती कापड. आठ-दहा दिवसांत कमी नाही झाल्या, किंवा एखादी शेंगदाण्याएवढी मोठी, गरम, दुखरी झाली, तर स्किनच्या डॉक्टरला दाखवायचं, फोटो पाठवून नाही, प्रत्यक्ष. आणि एक, केस काढताना कातडी कापली होती आणि ब्लेड तुमच्यासमोर नवीन लावलेलं नव्हतं असं आठवत असेल तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या कधी करायच्या ते डॉक्टरांना विचारा. बी च्या लसीचे डोस झालेले नसतील तर सुरू करा. पुढच्या वेळी ब्लेड डोळ्यांसमोर बदलायला लावा, संकोच करायचा नाही.

आता केस सारखे येत नाहीयेत त्याचं. २२ दिवसांच्या केसावरून काहीच ठरवू नका, खरंच. डोक्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, कुठल्याही वेळी दहातला एखादा केस विश्रांतीत असतो, तो पुढे गळतो आणि त्या जागी नवीन येतो, त्यामुळे सुरुवातीला मधे मधे रिकामं दिसतं. मागचे केस मुळातच दाट आणि समोरचे मऊ असतात. भोवऱ्याजवळ केस चहूबाजूला झुकतात म्हणून मधली कातडी दिसते. आणि आठ मिलिमीटरचा केस उभाच राहतो, आडवा पडून शेजारची जागा झाकत नाही, वरून ट्यूबलाइट पडली की कुणाचीही टाळू दिसेल. बाथरूममधल्या दिव्याखाली तर माझीही दिसते.

तीन महिने पूर्ण झाले की साधारण तीन सेंटीमीटर होतील, तेव्हा बघायचं. तोपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीत, त्याच वेळेला, वरून, समोरून आणि मागून असे तीन फोटो काढून ठेवा, रोज आरशात बघू नका.

तरी काही गोष्टी आत्ताच दिसतात. एखादी जागा रुपयाएवढी गोल आणि पूर्ण गुळगुळीत असेल, खुंट नाही, खवले नाहीत, तर ती चाई असू शकते, तिला लवकर औषध मिळालं तर बरं. खवले आणि तुटके केस असतील तर बुरशी, वर लिहिलंय. दोन्ही कानांच्या वर, कपाळाच्या कडेने विरळ असेल तर वर्षानुवर्षं घट्ट वेणी नाहीतर अंबाडा ओढून बांधल्याने तिथली मुळं थकलेली असतात. आणि तुमच्यासारखं, भांगाच्या जागी विरळ, मागे दाट, हे असेल तर जुने फोटो काढा. तीन-चार वर्षांपूर्वीचा एखाद्या लग्नातला, मान खाली घातलेला फोटो बहुतेक असतोच. त्यातच भांग रुंद दिसत असेल तर ही विरळता केस देण्याआधीपासूनची आहे, लांब केसांनी ती झाकली गेली होती आणि आता उघडी पडली. बायकांमध्ये हे बऱ्यापैकी कॉमन आहे. अशा वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, पाळीला जास्त जात असेल तर फेरिटिन पुष्कळदा कमी निघतं. केस वाढायला लावायचं मिनॉक्सिडिल वगैरे औषध हा त्यानंतरचा विचार, पुटकुळ्या असलेल्या कातडीवर तर नाहीच, आणि दिवस राहण्याचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

जुन्या फोटोत भांग नॉर्मल असेल आणि चट्टे नसतील तर काही करायचं नाही, वाढू द्यायचं. साडेतीन-चार महिन्यांनी चांगल्या हेअरड्रेसरकडे जा आणि फक्त कानाच्या आजूबाजूचे आणि मानेवरचे केस कात्रीने नाहीतर मशीनने थोडे आखूड करून घ्या, वरचे तसेच ठेवा. वरचे आणि बाजूचे सारखेच लांब राहिले की डोकं मशरूमसारखं फुगतं आणि त्यालाच बायका "सारखे येत नाहीत" म्हणतात. मशीन चालेल, वस्तरा नको. हनुवटीपर्यंत यायला साधारण दीड वर्ष, खांद्यापर्यंत दोन ते अडीच, ही वाट सगळ्यांनाच बघावी लागते आणि कुठल्याही तेलाने ती कमी होत नाही.

आता आई. शुगर असताना मानेवर दुखरा फोड येतो तेव्हा बघायचं असतं की तो एक साधा फोड आहे की आजूबाजूची जागा कडक, लाल, गरम आहे आणि वर एकाऐवजी तीन-चार तोंडं आहेत, चाळणीसारखी. तसं असेल तर ती काळपुळी, आतून एकमेकांना जोडलेली असते, वरून लहान दिसते आणि आत पसरलेली असते, कधीकधी चिरा देऊन साफ करावी लागते. एकच तोंड असलं तरी त्यांना न्याच, कारण शुगर जास्त असेल तर दोन दिवसांत साधा फोडही वाढतो आणि इन्फेक्शनमुळे शुगर अजून चढते. पिळायचा नाही, सुई टोचायची नाही, पोटीस बांधायचं नाही. घरी मशीन असेल तर जाण्याआधी शुगर बघून आकडा लिहून न्या, त्यांच्या चालू गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या. ताप असेल, थंडी वाजत असेल किंवा मान वळवताना दुखत असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता थेट हॉस्पिटलला न्या. डॉक्टरांना केस कधी दिले ती तारीख आणि त्यानंतर तिथे वस्तरा लागलाय का हे आठवणीने सांगा.